पंपावरचा आकडा उलटा वाचताना

अतिदक्षता विभागात पोस्टिंगला असलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला एक गणित हमखास सोडवावं लागतं. रुग्णाचा रक्तदाब खाली गेलेला आहे आणि डॉक्टरांनी ट्रीटमेंट शीटवर डोपामाइन लिहिलं आहे. मात्रा आहे दर मिनिटाला, दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम. रुग्णाचं वजन ६० किलो. डोपामाइनच्या एका अँप्यूलमध्ये ५ मिलिलिटर द्रव असतो आणि त्यात २०० मिलिग्रॅम औषध असतं. ते ४५ मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून ५० मिलिलिटरची सिरिंज भरायची आणि सिरिंज पंपाला लावायची. पंपाला मायक्रोग्रॅम कळत नाहीत, रुग्णाचं वजनही कळत नाही. त्याला एकच आकडा हवा असतो, तासाला किती मिलिलिटर. तो आकडा विद्यार्थिनीने काढायचा आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टरने तपासायचा.

समजा, तिच्या वहीत हे उत्तर आलं आहे:

५ × ६० = ३००
३०० × ६० = १८,०००
१८,००० ÷ १०० = १८०
१८० ÷ ४ = ४५
उत्तर: तासाला ४५ मिलिलिटर

वरवर पाहिलं तर वही नीटनेटकी आहे. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. तपासणारी व्यक्ती दमलेली असेल आणि ओळीमागून ओळ डोळ्यांखालून घालत गेली, तर ‘हं, बरोबर’ म्हणून सही होऊ शकते. कारण दुसऱ्याने लिहिलेली पायरी वाचली की आपलं मन तिच्याच वाटेने चालू लागतं. म्हणून अनुभवी शिक्षिका वही उघडण्याआधी ट्रीटमेंट शीट आणि अँप्यूलवरचं लेबल पाहून आकडा स्वतः काढतात आणि मगच वहीतलं उत्तर पाहतात. त्यांचा आकडा येतो ४.५. दोन उत्तरांत दहापटीचा फरक आहे. म्हणजे कुठल्या तरी एका पायरीवर घोटाळा झाला आहे.

तो शोधायचा तर आधी वहीत काय नाही ते पाहावं लागतं. या चारही ओळींत आकड्यांपुढे एककं लिहिलेलीच नाहीत. पहिल्या ओळीतले ६० म्हणजे रुग्णाचे किलो आणि दुसऱ्या ओळीतले ६० म्हणजे तासाची मिनिटं. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी, पण कागदावर दिसायला सारख्याच. या रुग्णाचं वजन नेमकं ६० आहे, त्यामुळे उद्या एखाद्या विद्यार्थिनीचं एक ६० गळलं, तर तिने वजन विसरलं की मिनिटांचे तास करायचे विसरले, हे तपासणाऱ्याला कागदावरून ओळखताच येणार नाही. एककं लिहिली की हाच हिशेब बोलू लागतो. दर किलोला ५ मायक्रोग्रॅम, गुणिले ६० किलो, म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. गुणिले ६० मिनिटं, म्हणजे तासाला १८,००० मायक्रोग्रॅम. आता सिरिंजकडे पाहायचं. ५० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम. एका बाजूला मायक्रोग्रॅम आहेत आणि दुसऱ्या बाजूला मिलिग्रॅम. भागाकार करण्याआधी दोन्ही एकाच एककात आणायला हवेत. १,००० मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. म्हणून १८,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १८ मिलिग्रॅम, आणि १८ भागिले ४ म्हणजे ४.५ मिलिलिटर.

विद्यार्थिनीने १,००० ऐवजी १०० ने भागलं. चूक एका शून्याची आहे आणि ती नेमकी एककं बदलण्याच्या पायरीवर झाली आहे. अशा चुका बहुतेक वेळा तिथेच होतात, कारण त्या पायरीवर औषध बदलत नाही, फक्त त्याला मोजण्याचं माप बदलतं आणि हाताला ती पायरी बिनमहत्त्वाची वाटते.

चूक सापडल्यावर शिक्षिका नुसती लाल रेघ मारून थांबल्या, तर पुढच्या वेळी तीच चूक दुसऱ्या रूपात येईल. म्हणून त्या विद्यार्थिनीला तिचंच उत्तर उलट्या दिशेने वाचायला लावतात.

“पंपावर ४५ लावलंस. मग तासाभरात रुग्णाच्या अंगात किती औषध जाईल?”

“एका मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजे... १८० मिलिग्रॅम, मॅडम.”

“आणि मिनिटाला?”

“३ मिलिग्रॅम. म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम.”

“६० किलोंमध्ये वाटून टाक.”

“५०,” असं म्हणताना तिचं लक्ष ट्रीटमेंट शीटकडे जातं. तिथे ५ लिहिलेले आहेत.

ही उलटतपासणी परिणामकारक ठरते, कारण ती विद्यार्थिनीच्या वाटेने जात नाही. सुलट जाताना १०० ने भागणारा हात उलट येतानाही तीच चूक करू शकतो, ही शक्यता उरतेच. पण इथे तिने ३ मिलिग्रॅमचे ३,००० मायक्रोग्रॅम केले. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करणं तिच्या सवयीचं होतं, मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम करताना मात्र हात घसरला होता. दिशा बदलल्यामुळे चूक उघडी पडली.

आणखी एक पडताळणी आहे आणि तिला कागदही लागत नाही. तासाला ४५ मिलिलिटर वेगाने ५० मिलिलिटरची सिरिंज सव्वा तासाच्या आत संपेल, म्हणजे जवळपास एक पूर्ण अँप्यूल तासाला लागेल. ४.५ ने तीच सिरिंज अकरा तास चालते. वॉर्डात काही दिवस काढलेल्या नर्सला हे नजरेनेच कळतं. बेताच्या मात्रेवर असलेल्या रुग्णासाठी तासातासाला नवं अँप्यूल फोडावं लागत असेल, तर कुठेतरी काहीतरी बिनसलं आहे.

आता प्रश्न धोक्याचा. डोपामाइन साधारणपणे दर मिनिटाला, दर किलोमागे २ ते २० मायक्रोग्रॅम या पट्ट्यात दिलं जातं. मात्रा वाढत गेली की हृदयाचे ठोके वाढतात, त्यांची लय बिघडू शकते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या इतक्या आवळल्या जातात की बोटांना रक्त पोचेनासं होतं. ५० हा आकडा या पट्ट्याच्या अडीच पट वर आहे. म्हणजे मूळ आदेश माहीत नसता, तरी एवढ्यावरून पंप सुरू करायला नकार देता आला असता.

इथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. उत्तर सुरक्षित पट्ट्यात बसलं म्हणजे गणित बरोबर, असं अनेक विद्यार्थ्यांना वाटतं. तसं नाही. समजा, विद्यार्थिनीने ४.५ हे उत्तर अचूक काढलं, पण सिरिंज भरताना दुसऱ्या रुग्णाच्या पद्धतीने दोन अँप्यूल घातले. ५० मिलिलिटरमध्ये आता ४०० मिलिग्रॅम औषध आहे, म्हणजे मिलिलिटरला ८ मिलिग्रॅम. पंप ४.५ नेच चालू आहे, पण रुग्णाला मिळतात १० मायक्रोग्रॅम, हव्या त्या मात्रेच्या दुप्पट. १० हा आकडा २ ते २० मध्ये आरामात बसतो, म्हणून पट्ट्याची तपासणी गप्प राहते. प्रत्यक्ष सिरिंजवरच्या लेबलपासून सुरुवात करून उलटा हिशेब केला, तरच तो ५ वर न थांबता १० वर जातो आणि चूक दिसते.

याच्या उलटही घडू शकतं. समजा, ट्रीटमेंट शीटवरच घाईत ५ ऐवजी ५० लिहिलं गेलं. विद्यार्थिनीने एकही चूक न करता ४५ मिलिलिटर हे उत्तर काढलं. उलटा हिशेब केला, तर तो बरोबर ५० वर येतो, शीटशी तंतोतंत जुळतो. इथे उलटतपासणी काहीच सांगू शकत नाही. इथे वाचवतो तो पट्टा. ५० हा आकडा २० च्या पलीकडे आहे, म्हणून औषध न लावता डॉक्टरांना फोन करायचा आणि आदेश पुन्हा विचारायचा. तपासणीचे हे दोन प्रश्न म्हणूनच वेगळे ठेवावे लागतात. या आकड्यातून डॉक्टरांनी सांगितलेलीच मात्रा जाते का? आणि सांगितलेली मात्रा या रुग्णाला झेपणारी आहे का? एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसरा प्रश्न सोडता येत नाही.

शीटवरच असा दहापट आकडा कसा येतो, यालाही ठरलेल्या वाटा आहेत. ५ ऐवजी ५.० लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की ते ५० वाचलं जातं. म्हणून पूर्ण आकड्यापुढे टिंब आणि शून्य लिहायचं नाही. उलट, अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच. नुसतं .५ लिहिलं तर तेही ५ होऊ शकतं. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक म्यू अक्षर हाताने लिहिलं, तर ते मिलिग्रॅमच्या एमसारखं दिसू शकतं आणि मात्रा एकदम हजारपट होते. त्यामुळे ते अक्षर न वापरता पूर्ण शब्द किंवा ठरलेलं लघुरूप लिहिण्याची शिस्त अनेक रुग्णालयं पाळतात.

या तपासणीलाही मर्यादा आहे आणि ती विद्यार्थिनीला सांगायलाच हवी. सारा हिशेब ६० किलोंवर उभा आहे. अत्यवस्थ रुग्णाला काट्यावर उभं करता येत नाही, म्हणून वजन पुष्कळदा नातेवाइकांना विचारून किंवा अंदाजाने लिहिलं जातं. रुग्ण प्रत्यक्षात ४५ किलोंचा असेल, तर गणित, उलटतपासणी आणि पट्टा या तिन्ही कसोट्या निर्धोक पार होतील, पण त्याला ५ ऐवजी जवळजवळ ६.७ मायक्रोग्रॅम मिळतील. हे कागदावर कधीच दिसणार नाही. ते रक्तदाबात, नाडीच्या वेगात आणि मॉनिटरवरच्या रेषेत दिसेल. डोपामाइनचा असर काही मिनिटांत ओसरतो, त्यामुळे पंपाचा वेग डॉक्टर रुग्ण पाहून कमी-जास्त करतात. पंप सुरू झाल्यावर नर्सने रुग्णाजवळ थांबून या खुणा पाहणं हासुद्धा तपासणीचाच भाग आहे.

म्हणून त्या वहीत शेवटी चार ओळींच्या जागी सहा ओळी हव्यात. प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक. पाचव्या ओळीत पंपाच्या आकड्यापासून मूळ मात्रेपर्यंतचा उलटा हिशेब. आणि सहाव्या ओळीत एक वाक्य: ‘मात्रा ५, पट्टा २ ते २०, चालेल.’ या सहाही ओळी स्वतः लिहिल्यावर विद्यार्थिनीने दुसऱ्या नर्सला ट्रीटमेंट शीट आणि अँप्यूल दाखवावं, स्वतःचं उत्तर मात्र झाकून ठेवावं. दोघींचे आकडे जुळले, की मगच पंपाचं बटण दाबावं.