छायाचित्रातील पाऊस लिटरांत

वाचन : मापकपात्राचे छायाचित्र पाण्याच्या पातळीशी समतल राहून घेतलेले असावे, कॅमेरा वर धरल्यास दृष्टिरेषा काचेवरील वरच्या रेघेतून जाते आणि आकडा वास्तवापेक्षा अधिक दिसतो. काचेलगत चढलेली कड सोडून पृष्ठभागाचा मधला, खोलगट तळ वाचावा.

खोली : पर्जन्यमापकाच्या मुखाचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. असून साध्या मोजपात्रात ४८० मिलिलिटर पाणी दिसत असेल, तर ४८० ÷ २०० = २.४ सेंमी., म्हणजे २४ मिमी. पाऊस. मिलिमीटरच्या खुणांचे पात्र मात्र त्याच मुखासाठी बनविलेले असावे; १०० चौ. सेंमी.चे पात्र २०० च्या मापकास लावल्यास नोंद दुप्पट होते, आणि ही चूक छायाचित्रावरून ओळखता येत नाही.

लिटर : एक चौरस मीटरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद छपरावर, उतरणीचे नव्हे तर जमिनीवर पडणाऱ्या सावलीचे, म्हणजे आडव्या विस्ताराचे क्षेत्र धरून, २४ × ६० = १,४४० लिटर पाणी पडते; पत्र्याचे छप्पर असल्यास भिजणे व उडणे वजा जाता त्याचा सामान्यतः ८० ते ९० टक्के भाग पन्हळीत उतरतो.

जमीन : एक गुंठा सुमारे १०१ चौ. मी.; त्याच पावसात दर गुंठ्यास सुमारे २,४०० लिटर. हा आकडा पडलेल्या पाण्याचा, मुरलेल्या पाण्याचा नव्हे.

तारीख : भारतीय हवामानखात्याची दैनिक नोंद सकाळी ८.३० वाजता होते व तीत मागील २४ तासांचा पाऊस येतो. म्हणून छायाचित्रावर वेळ असणे आवश्यक.