निवृत्त भागीदाराचा हिशेब

भारतीय भागीदारी कायदा, 1932च्या कलम 32नुसार भागीदाराला तीन प्रकारे निवृत्त होता येते: इतर सर्व भागीदारांच्या संमतीने, भागीदारी करारातील तरतुदीनुसार, किंवा भागीदारी ऐच्छिक असेल तर सर्वांना लेखी सूचना देऊन. उरलेले भागीदार व्यवसाय पुढे चालवतात आणि जाणाऱ्याचा हिशेब चुकता केला जातो. फक्त दोनच भागीदार असतील तर एक निघताच भागीदारी उरत नाही.

अ, ब आणि क हे हार्डवेअरचे दुकान चालवतात आणि नफा 5:3:2 या प्रमाणात वाटून घेतात, असे समजू. 31 मार्चला ब निवृत्त होतो. त्याच्या भांडवल खात्यावर 4,00,000 रुपये जमा आहेत, पण तेवढे देऊन हिशेब संपत नाही. दुकानाची जागा वहीत जुन्या किमतीने पडून असते, तर काही माल आणि काही उधारी कागदावर दिसते तितक्या मोलाची राहिलेली नसते. त्यामुळे आधी पुनर्मूल्यांकन करावे लागते. जागेची किंमत 2,00,000 रुपयांनी वाढली, माल 30,000 रुपयांनी उतरला आणि बुडीत उधारीसाठी 20,000 रुपयांची तरतूद केली, तर निव्वळ वाढ 1,50,000 रुपयांची होते. ती तिघांनी मिळून कमावलेली असल्याने जुन्याच प्रमाणात वाटली जाते आणि बच्या वाट्याला 45,000 रुपये येतात. राखीव निधीतील 1,00,000 रुपयांपैकी 30,000 रुपयेही त्याचेच.

खरा वाद होतो तो ख्यातीवरून, व्यवहारात जिला गुडविल म्हणतात. ठरलेली गिऱ्हाइके, बाजारातली पत आणि जागेचा मोका यांमुळे दुकानाला नफा मिळत राहतो. ब गेल्यावर त्यातला त्याचा हिस्सा इतरांच्या पदरात पडणार, म्हणून त्याचे मोल त्याला आताच मिळायला हवे. गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा 3,00,000 रुपये असेल आणि करारात दोन वर्षांची खरेदी ठरली असेल, तर ख्याती 6,00,000 रुपयांची धरली जाते. बच्या 3/10 हिश्श्याचे 1,80,000 रुपये होतात. एखाद्या वर्षी आगीने नुकसान झाले किंवा जमीन विकून एकदाच मोठा नफा झाला, तर सरासरी काढण्यापूर्वी तो आकडा बाजूला काढणे न्याय्य ठरते.

हे 1,80,000 रुपये अ आणि क यांनी कोणत्या प्रमाणात सोसायचे? इथे लाभ गुणोत्तर लागते. प्रत्येकाच्या नव्या हिश्श्यातून जुना वजा केला की त्याचा लाभ कळतो. दोघांनी पुढचे प्रमाण 3:2 ठरवले आहे. अचा हिस्सा 5/10 वरून 6/10 होतो, म्हणजे लाभ 1/10. कचा 2/10 वरून 4/10 होतो, म्हणजे लाभ 2/10. लाभ गुणोत्तर 1:2 आले. अच्या भांडवल खात्याला 60,000 आणि कच्या खात्याला 1,20,000 रुपये नावे पडतात, आणि बच्या खात्यावर 1,80,000 जमा होतात. ख्याती स्वतःच्या व्यवसायातून निर्माण झालेली असल्याने लेखामानक 26नुसार ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही; म्हणून ही तडजोड भांडवल खात्यांतूनच करतात.

सर्रास होणारी चूक अशी की ही रक्कम अ आणि क यांच्या जुन्या प्रमाणात, म्हणजे 5:2 ने, वाटली जाते. तसे केले तर अवर सुमारे 1,28,571 रुपये पडतात. ज्याला कमी मिळाले त्याच्याकडूनच जास्त घेतले जाते. नवे प्रमाण ठरलेलेच नसेल, तेव्हा मात्र 5:2 बरोबर असते. ताळा सोपा आहे: सर्वांच्या लाभाची बेरीज निवृत्त भागीदाराच्या हिश्श्याइतकी आली पाहिजे. इथे 1/10 आणि 2/10 मिळून 3/10 होतात.

आता बचे एकूण 6,55,000 रुपये झाले. त्यातून त्याची 15,000 रुपयांची उचल वजा जाता 6,40,000 देणे उरते. एवढी रोकड एकदम काढली तर दुकानाचा माल भरणे थांबेल. म्हणून बहुधा काही भाग लगेच देतात, समजा 1,60,000, आणि उरलेले 4,80,000 रुपये बच्या कर्ज खात्यावर नेऊन व्याजासह हप्त्यांनी फेडतात. व्याजाचा दर आणि हप्त्यांच्या तारखा निवृत्तीच्या लेखात लिहिलेल्या असाव्यात. वेगळा करार नसेल आणि हिशेब न चुकवताच व्यवसाय चालू राहिला, तर कलम 37नुसार बला दोनपैकी एक निवडता येते: आपल्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा, किंवा त्या हिश्श्याच्या रकमेवर वर्षाला 6 टक्के व्याज.

पैसे हाती आले तरी बची जबाबदारी आपोआप संपत नाही. निवृत्तीची जाहीर सूचना निघेपर्यंत, तो भागीदार आहे हे ठाऊक असलेल्या बाहेरच्या व्यक्तीशी दुकानाने केलेल्या नव्या व्यवहारांनाही तो बांधील राहतो. भागीदारी नोंदलेली असेल तर ही सूचना निबंधकाकडे द्यावी लागते आणि शासकीय राजपत्रात व जिल्ह्यात खप असलेल्या किमान एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात छापावी लागते. ती निघाली की नाही, हे निवृत्त भागीदाराने स्वतः पाहावे.