डबा गळतो, पण कधीपासून?

स्टीलचा क्लिपवाला डबा ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या व्यावसायिकाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. पहिला लॉट संपत आलाय, कारखान्याला नवी ऑर्डर द्यायची आहे. सरासरी ३.९ स्टार. पण या सरासरीवरून पुढच्या मालात काय बदलायचं ते कळत नाही.

म्हणून आधी एक, दोन आणि तीन स्टारचे रिव्ह्यू वेगळे काढायचे. तीन स्टारवाला सहसा सर्वांत कामाचा. त्याला वस्तू आवडलेली असते, त्यामुळे तो राग काढत नाही, नेमकं काय खटकलं ते लिहितो. एक्सेलमध्ये प्रत्येक तक्रारीला एक ओळ द्यायची: खरेदीची तारीख, तक्रारीची तारीख, डब्याचा कोणता भाग, आणि ग्राहकाचे मूळ शब्द. नुसता ‘लीक’ हा शब्द शोधून भागत नाही. लोक ‘भाजी सांडली’, ‘तेल बाहेर आलं’, ‘बॅग खराब झाली’, ‘टपकता है’ असं काहीही लिहितात, तेही रोमन लिपीत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगमध्ये. शंभरेक रिव्ह्यू असतील तर ते सरळ बसून वाचावेत.

समजा अशा ३१ तक्रारी निघाल्या. ११ कुरियरच्या: पोचा पडला, उशिरा आला. त्या पॅकिंगच्या खात्यात. ६ किरकोळ. उरलेल्या १४ गळतीच्या. इथे बहुतेक जण कारखानदाराला फोन करतात, ‘झाकणाची रिंग जाड करा.’ थांबायला हवं ते इथेच, कारण तारखांचा रकाना अजून पाहिलेला नाही. त्या १४ पैकी १० तक्रारी खरेदीनंतर महिनाभराने किंवा त्याहून उशिरा आलेल्या आहेत. रिंग मुळातच पातळ असती, तर पहिल्या आठवड्यातच आमटी बॅगेत उतरली असती. म्हणजे वापरताना काहीतरी बिघडतंय.

ते रिव्ह्यूत सापडणार नाही. रिव्ह्यू लिहिणारे बहुधा खूप खूश असतात नाहीतर चिडलेले. मधले गप्प बसतात. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग या संशोधकांनी २००९मध्ये हाच कल मांडला होता. गप्प बसलेल्यांना विचारायला पाहणी लागते. मार्केटप्लेसवर ग्राहकाशी परस्पर संपर्क साधण्यावर बंधनं असतात, तेव्हा प्रदर्शनात किंवा स्वतःच्या वेबसाइटवरून घेतलेल्या ग्राहकांकडे, त्यांची हरकत नसेल तर, जावं.

प्रश्न चारपाचच असावेत, आणि मताचे नकोत, घडलेल्या गोष्टीचे हवेत. ‘डबा आणखी मजबूत हवा का?’ याला नाही कोण म्हणेल? त्याऐवजी ‘शेवटचा डबा भरला तेव्हा आत काय होतं? किती गरम होतं? धुताना रिंग काढता का? घरी पोहोचेपर्यंत बाहेर काही आलं का?’ गळतीचा प्रश्न शेवटी, म्हणजे आधीची उत्तरं त्या दिशेला झुकत नाहीत. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात कूपन देऊ नये. मग उत्तरं गोड येतात आणि दोष लपतो.

समजा ४० उत्तरं आली. रिंग काढून धुणारे २२, त्यांतल्या ९ जणांचा डबा गळला. न काढणारे १८, त्यांतला एकच. एवढ्या थोड्या उत्तरांवर निकाल देता येत नाही, पण संशय कुठे घ्यायचा ते कळतं. मग गोदामातले दहा डबे घ्यायचे, रंगीत पाणी भरायचं आणि वर्तमानपत्रावर अर्धा तास उलटे ठेवायचे. सगळे कोरडे. आता रिंगा काढून उलट्या बाजूने बसवायच्या आणि तेच पुन्हा करायचं. या वेळी कागद भिजला. रिंगेच्या एका कडेला बारीक ओठ आहे. तो खालच्या बाजूला गेला की झाकण घट्ट वाटतं, पण नीट टेकत नाही. तसं पाहिलं तर न धुतलेली रिंग कुबट वास मारते, म्हणजे काढून धुणारेच शहाणे!

रिंग जाड केली असती तर क्लिपवर जास्त ताण येऊन ती तुटण्याची नवी तक्रार सुरू झाली असती. खरी दुरुस्ती म्हणजे रिंगेचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा करणं. त्यासाठी साचा बदलावा लागतो, आणि साच्याचा खर्च हजार डब्यांवर वाटला तर जड जातो, दहा हजारांवर नाही. तोवर ओठाच्या बाजूला खूण आणि डब्यात एक चित्राचं कार्ड एवढं पुरतं. शिल्लक मालातही तेच कार्ड घालता येतं.

नवी ऑर्डर मात्र छोटीच द्यावी. हा दोष महिन्यानंतर दिसतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातले पाच स्टार बघून मोठा माल उचलण्यात अर्थ नाही. दोन महिन्यांनी नव्या लॉटच्या तक्रारी, जुन्या लॉटच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या तक्रारींशी, प्रत्येकी किती डबे विकले गेले ते धरून ताडून बघाव्यात. जुने रिव्ह्यू त्याच पानावर तसेच राहतात आणि सरासरी खाली ओढत असतात, म्हणून ही तुलना स्टारवरून करायची नाही, आपल्या एक्सेलमधल्या तारखांवरून करायची.