एकूण व्ह्यूज, युनिक व्ह्यूअर्स आणि रीच

एखाद्या महाविद्यालयाच्या विभागाने यूट्यूबवर 10 व्याख्याने टाकली आणि 28 दिवसांत 1,200 व्ह्यूज मिळाले, असे समजू. यावरून 1,200 विद्यार्थ्यांनी ती पाहिली असे म्हणता येईल का? नाही. वर्गात 60 विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाने दहाही व्याख्याने दोनदा पाहिली असतील, तरी 60 × 10 × 2 = 1,200 व्ह्यूज होतात.

व्ह्यूज हा आकडा पाहण्याच्या घटना मोजतो. यूट्यूब स्टुडिओत Unique viewers या नावाने दिसणारा आकडा निवडलेल्या काळात किती वेगवेगळ्या व्यक्तींनी पाहिले, याचा अंदाज देतो. वरील उदाहरणात तो 60 च्या आसपास यायला हवा. व्ह्यूजना युनिक व्ह्यूअर्सने भागले की दर व्यक्तीमागे सरासरी 20 व्ह्यूज मिळतात. दुसऱ्या एखाद्या महिन्यात व्ह्यूज तेवढेच, पण युनिक व्ह्यूअर्स 600 असतील, तर ही सरासरी 2 होते. पहिल्या महिन्यात मोजकेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत होते. दुसऱ्यात बहुतेक जण एक-दोन व्हिडिओ पाहून थांबले. केवळ व्ह्यूज पाहिले तर हा फरक दिसत नाही.

येथे एक चूक वारंवार होते. रोजचे व्ह्यूज मिळवून आठवड्याचे व्ह्यूज काढता येतात, पण युनिक व्ह्यूअर्सची अशी बेरीज चालत नाही. सोमवारी अ, ब, क यांनी आणि मंगळवारी ब, क, ड यांनी पाहिले, तर रोजचे आकडे 3 आणि 3 आहेत. दोन दिवसांचे युनिक व्ह्यूअर्स मात्र 6 नव्हे, 4 आहेत. हेच वेगवेगळ्या व्हिडिओंनाही लागू होते. म्हणून ज्या काळाचा आकडा हवा, तोच काळ स्टुडिओत निवडावा.

हा आकडा अंदाज का असतो? एकच विद्यार्थी मोबाइलवर आणि संगणकावर पाहतो, तर घरातील एकच फोन दोन भावंडे वापरतात. यूट्यूब हे लक्षात घेऊन अंदाज बांधते. परंतु वर्गात प्रोजेक्टरवर व्याख्यान एकदा लावले, तर समोर बसलेले 50 जण स्वतंत्रपणे मोजले जाण्याचा मार्ग नसतो.

'रीच' हा शब्द सर्वत्र एकाच अर्थाने येत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर रीच म्हणजे मजकूर किमान एकदा ज्यांच्यापर्यंत पोहोचला, अशा वेगवेगळ्या खात्यांचा अंदाज. यूट्यूबवर व्हिडिओच्या Reach विभागात इम्प्रेशन्सही असतात, म्हणजे थंबनेल किती वेळा दाखवले गेले. एकाच व्यक्तीला ते पाच वेळा दिसले तर पाच इम्प्रेशन्स होतात, आणि तिने व्हिडिओ उघडला नाही तर व्ह्यू एकही होत नाही. त्यामुळे दोन माध्यमांच्या रीचची तुलना करण्यापूर्वी तेथे खाती मोजली आहेत, व्यक्ती की केवळ दर्शन, हे तपासावे.