मूर्ती जुनी की जुनी केलेली?

मूर्ती किती जुनी आहे, हे थेट दगडाला विचारून कळत नाही. महाराष्ट्रातला काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेला. तेराव्या शतकातल्या पाथरवटाने ज्या कातळातून मूर्तीसाठी दगड काढला, तोच कातळ आजही खाणीतून निघतो. लाकडाचं किंवा कोळशाचं वय सांगणारी कार्बनची चाचणी इथे कामाची नाही, आणि खडकाचं वय काढलं तर यादवकाळातल्या मूर्तीचं आणि गेल्या वर्षीच्या नकलेचं उत्तर एकच येतं. टाकीने दगड घडवला गेला त्या दिवसापासून त्याच्या पृष्ठभागाचं नवं आयुष्य सुरू होतं. तपासायचं असतं ते हे आयुष्य.

नक्कल करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणून मूर्ती घडवून झाली की तिला ‘म्हातारी’ करण्याचं काम सुरू होतं. हायड्रोक्लोरिक आम्लाने धुणं, शेण-माती-मीठ यांच्या खड्ड्यात काही महिने पुरणं, पोटॅशियम परमँगनेटने तपकिरी रंग चढवणं, सरसात किंवा फेव्हिकॉलसारख्या गोंदात कालवलेली माती खाचांत भरणं, आणि शेवटी नाक किंवा हात तोडणं. यातलं प्रत्येक तंत्र नजरेला फसवू शकतं. पण या सगळ्यांत एक समान उणीव आहे, आणि ती ओळखता आली की निम्मं काम होतं.

एका घरी मला अशीच एक विष्णूची मूर्ती दाखवण्यात आली. काळा पाषाण, उंची अडीच फुटांच्या आसपास, चार हातांपैकी पुढचा डावा मनगटापासून तुटलेला. ‘यादवकालीन, देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरची’ असं सांगून ती विकली गेली होती. पहिल्या नजरेला ती पटण्यासारखी होती. नाकाचा शेंडा झिजलेला, अंगभर बारीक खड्डे, घड्यांत माती.

अशी मूर्ती समोर आली की आधी खोलीतला दिवा बंद करावा आणि टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसणारी झीज तिरप्या उजेडात सावल्यांनी उठून येते. मग एकच प्रश्न विचारायचा : पाऊस कुठून आला असेल?

बाहेरच्या भिंतीवरच्या देवकोष्ठातली मूर्ती पावसाळ्यामागून पावसाळे सोसते, पण सगळीकडे सारखे सोसत नाही. मुकुटाचा माथा, खांदे, नाक, पुढे आलेले गुडघे यांवर पाणी आदळतं आणि तिथले कंगोरे गोल होतात. हनुवटीखालचा गळा, काखेची आतली बाजू, प्रभावळीच्या कमानीखालचा भाग मात्र आडोशाला राहतो. खऱ्या मूर्तीत खांद्यावरच्या हाराचे मणी पुसट झालेले असतात, आणि त्याच हाराचे हनुवटीखालचे मणी मात्र टाकी आत्ताच उचलल्यासारखे रेखीव असतात. पाणी खाली ओघळताना सोडून गेलेले काळसर डागही उभे असतात, मूर्ती ज्या दिशेने उभी होती त्या दिशेला धरून. गाभाऱ्यातल्या मूर्तीची गोष्ट निराळी. तिथे झीज अभिषेकाची आणि हातांची, म्हणून ती डोक्यावर आणि पायांवर जास्त.

या विष्णूच्या खांद्यावर जी झीज होती, तीच काखेत होती, तीच पाठीवर आणि तीच तळाच्या बैठकीखाली. देवळाच्या भिंतीत बसवलेल्या मूर्तीची पाठ बहुधा ओबडधोबड ठेवलेली असते, कारण ती कुणी पाहणार नसतं, आणि ऊन-पाऊसही तिथे पोचत नाही. इथे मात्र पाठीवरही तेच खड्डे. पाऊस असा चहूबाजूंनी पडत नाही. टाकीत बुडवलेलं किंवा ब्रशने सगळीकडे लावलेलं आम्लच असं सारखं काम करतं.

आपल्या बसाल्टमध्ये एक साक्षीदार आधीच बसलेला असतो. लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली गेली. काही ठिकाणी ती झिओलाइट, काही ठिकाणी कॅल्साइट. काळ्या दगडातले हे पांढरे ठिपके आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कॅल्साइट आम्लात फसफसून विरघळतं. नैसर्गिक झिजेत उघड्या बाजूचे ठिपके गळून खड्डे होतात आणि आडोशाच्या बाजूचे बऱ्याच अंशी टिकून राहतात. या मूर्तीवर भिंगातून पाहिलं तर एकही कॅल्साइटचा ठिपका जागेवर नव्हता, अगदी काखेच्या आतल्या कोपऱ्यातही नाही. खड्ड्यांच्या कडा धारदार आणि आत तळ रिकामा. माझ्या मते एवढ्यावरच निकाल लागल्यात जमा होता, पण एका खुणेवर मूर्तीला खोटं ठरवू नये. त्याच खाणीतल्या दगडात कॅल्साइट मुळातच कमी असू शकतं, किंवा कुण्या भाविकाने खरी मूर्तीच आम्लाने ‘स्वच्छ’ केलेली असू शकते. दुसऱ्या शक्यतेची उदाहरणं दुर्दैवाने आहेत.

म्हणून तुटलेल्या मनगटाकडे वळलो. आधी मूर्ती घडते, मग कधीतरी तुटते. त्यामुळे घडवलेल्या पृष्ठभागाचं वय तुटलेल्या पृष्ठभागापेक्षा जास्त असायला हवं. खऱ्या मूर्तीत हा फरक रंगात आणि पोतात दिसतो. चारशे वर्षांपूर्वीच्या घावाचा रंग बाकी अंगाच्या जवळ येतो, पण बहुधा पूर्ण मिसळत नाही, आणि गेल्या दशकातला घाव तर ताजा करडा दिसतो. इथे मनगटाचा काप आणि बोटभर वर असलेलं कंकण यांचा रंग, खड्डे, माती सगळं एकसारखं होतं. दोन्ही एकाच दिवशी एकाच बादलीत गेले होते. आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते : नकलेत मोडतोड फार समजूतदार असते. चेहरा सुंदर राहतो, कारण विक्री चेहऱ्यावर होते, आणि जातो तो एखादा हात. खऱ्या मोडक्या मूर्ती अशा सोयीने मोडत नाहीत.

आता अवजारांच्या खुणा. जुन्या पाथरवटाकडे टाकी आणि हातोडा होता, आणि पॉलिशसाठी दगडाने दगड घासणं होतं. टाकीचे घाव लहानमोठे, थोडे वेडेवाकडे असतात. ग्राइंडरची चकती फिरते तेव्हा कमानीसारख्या, एकसारख्या अंतरावरच्या बारीक रेघा पडतात. हाताने घासून त्या पुढून घालवता येतात, पण कोपऱ्यात पकडल्या जातात. गोल चकतीला काटकोनात थांबता येत नाही, म्हणून ती कोपऱ्याच्या पुढे थोडी सरकून एक बारीक चीर सोडते. या विष्णूच्या पायांमागे, जिथे पाय आणि मागचा दगड मिळतात, तिथे अशी चीर सापडली. शेवटी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून पाठीवरच्या घडीतल्या मातीला लावला. मातीसकट चिकट, पिवळसर काहीतरी निघून आलं. देवळाच्या मातीत गोंद नसतो. ॲसिटोनचा बोळा मात्र घरी कुणी लावून पाहू नये. खऱ्या मूर्तीवर जुना रंग किंवा लेप असेल तर तोही त्यात जाईल.

मूर्तिशास्त्राच्या आधारे निकाल देणाऱ्यांनी थोडं थांबावं, असं मला वाटतं. ‘शंख-चक्र चुकीच्या हातात आहे, म्हणजे खोटी’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म यांचे २४ क्रम होतात, आणि केशवापासून सुरू होणारी २४ रूपं नेमकी या क्रमांवरच ठरतात. उलट छापलेल्या फोटोवरून मूर्ती घडवली तरी ती केशवाऐवजी दुसऱ्या कुठल्यातरी रूपाची ‘बरोबर’ मूर्तीच होते. आरशातली ही अदलाबदल उघडी पाडतं ते जानवं, कारण ते डाव्या खांद्यावरून यायचं ते उजव्यावरून येतं.

याच्या उलट, खरी मूर्ती नवी दिसू शकते. शेंदराचं कवच हे त्याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण. वणीच्या सप्तशृंगी देवीवरचा शेंदूर २०२२ मध्ये उतरवला तेव्हा खालचं मूळ रूप भाविकांना दिसलं. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदराखाली असलेला दगड पावसापासून वाचलेला असतो, त्यामुळे तिथे झीज शोधणं व्यर्थ. तिथे थर मोजायचे. शेंदराचा छोटा कपचा सूक्ष्मदर्शकाखाली उभा कापून पाहिला तर शेंदूर, काजळी, तेल, पुन्हा शेंदूर असे अनेक पट दिसतात. जुना दिसणारा पण एक-दोन थरांचा लेप असेल, किंवा अगदी तळच्या थरातच आधुनिक कृत्रिम रंग निघाला, तर शंका घ्यावी.

प्रयोगशाळा आणखी एक पाऊल पुढे जाते. दगडाचा नगण्य तुकडा कापून त्याचा पारदर्शक होईल इतका पातळ छेद घेतात. खऱ्या झिजेत खनिजांमधला बदल पृष्ठभागापासून आत हळूहळू कमी होत जातो, आणि रंगवलेल्या दगडात डाग वरच्या वर किंवा भेगेपुरता थांबतो. पण काही शतकांत बसाल्टवर हा थर मिलीमीटरच्या अंशाइतकाच होतो. त्यामुळे छेदही कधीकधी निर्णय देत नाही, आणि प्रामाणिक तज्ज्ञ ‘सांगता येत नाही’ असंच लिहून देतो.

आतापर्यंत नकलेला मूळ म्हणून विकण्याबद्दल बोललो. जास्त घातक प्रकार उलटा आहे. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, पण नव्या हस्तकलेला बंदी नाही. म्हणून खरी मूर्ती ‘नवी नक्कल’ म्हणून कागदावर दाखवली जाते. अशा वेळी झिजेच्या खुणा मूर्तीची ओळख बनतात. तमिळनाडूतल्या वृद्धाचलमच्या देवळातली दगडी अर्धनारीश्वराची मूर्ती चोरीला गेली आणि २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या कलादालनाने ती विकत घेतली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे ती देवळात असतानाचा जुना फोटो होता. फोटोतली आणि दालनातली मूर्ती एकच असल्याचं दिसलं, आणि २०१४ मध्ये ती भारताला परत मिळाली. दगड कितीही सारखा घडवता आला, तरी त्याच जागची तीच टवके उडालेली कड कुणाला पुन्हा घडवता येत नाही.

आपल्या गावच्या देवळातल्या, पारावरच्या, शेतातल्या जुन्या मूर्तींचे असे फोटो बहुतेक ठिकाणी नाहीत. ते आजच काढा : पुढून, दोन्ही बाजूंनी, शक्य असेल तर पाठीमागून, बाजूला फूटपट्टी ठेवून आणि सकाळच्या तिरप्या उन्हात. प्रत्येक तुटका कोपरा जवळून टिपा, तारीख लिहा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक राज्य पुरातत्त्व विभागाकडे द्या. आणि जीर्णोद्धाराच्या बैठकीत कुणी मूर्ती आम्लाने धुवायचं किंवा ऑइल पेंटने रंगवायचं सुचवलं, तर तिथे उभं राहून विरोध करा.