टोलचा पास घ्यावा की नाही?

आमच्या ओळखीचे एक अण्णा साताऱ्याजवळच्या गावात राहतात. त्यांची स्वतःची मोटार आहे. आईच्या औषधपाण्यासाठी ते तिला पुण्याच्या दवाखान्यात नेतात. एक दिवस ते आम्हाला म्हणाले, "टोलचा वर्षाचा पास निघालाय म्हणे. तीन हजार रुपये एकदम भरायचे. परवडंल का हो?"

आम्ही म्हणालो, "अण्णा, बसा. कागद-पेन्सिल घ्या. हिशेब करून पाहू."

आधी पास म्हणजे काय ते समजून घेऊ. मोटारीच्या काचेवर फास्टॅगची पट्टी असते. नाक्यावर तिच्यातून पैसे कापले जातात. हा पास त्याच पट्टीवर चढतो. १५ ऑगस्ट २०२५ रोजी तो सुरू झाला. तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती. ही किंमत पुढे बदलू शकते. म्हणून घेताना चालू किंमत पाहावी आणि हिशेबात तीच धरावी.

पास एक वर्ष चालतो, किंवा २०० फेऱ्या चालतो. यांतले जे आधी संपेल, तिथे पास संपला. आता फेरी म्हणजे काय? इथेच पुष्कळांची चूक होते. घरून निघून परत घरी आलो, ही आपली फेरी. पासाची फेरी तशी नाही. या रस्त्यावर एक नाका एकदा ओलांडला, की एक फेरी झाली.

साताऱ्याहून पुण्याला जाताना आणेवाडी आणि खेड शिवापूर असे दोन नाके लागतात. जाताना दोन, येताना दोन. म्हणजे अण्णांच्या एका खेपेला पासातल्या चार फेऱ्या खर्च होतात. २०० फेऱ्यांत ५० खेपा बसतात.

आता पैशाचा हिशेब. आकडे सोपे जावेत म्हणून धरून चालू, की एका नाक्यावर ८० आणि दुसऱ्यावर १२० रुपये पडतात. जाताना २०० झाले. येताना आणखी २०० असे अण्णांनी मांडले. पण चोवीस तासांच्या आत परत आले, तर परतीचा टोल निम्माच कापतात. म्हणून खेप ४०० ची नव्हे, ३०० रुपयांची झाली. ३,००० ला ३०० ने भागले. उत्तर आले १०.

म्हणजे वर्षाला दहा खेपा झाल्या, की पास आणि रोजचा टोल बरोबरीत येतात. दहाहून कमी खेपा असतील, तर पासात तोटा. जास्त असतील, तर फायदा.

आम्ही विचारले, "अण्णा, खेपा किती होतात?"

"महिन्यातून एकदा. कधी दोनदा."

महिन्याला एक खेप, तरी वर्षाच्या बारा झाल्या. रोजच्या टोलाने ३,६०० रुपये लागतील. पासाने ३,००० लागतील. सहाशे रुपये वाचले. वर्षातून आठच खेपा असत्या, तर टोल २,४०० झाला असता. मग पास घेऊन सहाशे रुपये उगाच गेले असते. उरलेल्या फेऱ्या पुढच्या वर्षी चालत नाहीत.

अण्णांनी विचारले, "मग माझ्या पोराच्या भाड्याच्या टेंपोलाबी काढू का?"

नाही. हा पास फक्त खाजगी मोटार, जीप आणि व्हॅनला मिळतो. भाड्याच्या, पिवळ्या पाटीच्या गाडीला मिळत नाही. शिवाय पास एकाच गाडीच्या नंबराचा असतो. तो दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. म्हणून गाडी विकायचा विचार असेल, तर आधी थांबावे.

आणखी एक गोष्ट. पास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. राज्याच्या रस्त्यांवर चालत नाही. अण्णा पुण्याच्या पुढे द्रुतगती मार्गाने मुंबईला गेले, तर तिथला टोल नेहमीसारखा कापला जाईल. तो हिशेबात धरू नये. आणि त्यासाठी पट्टीत थोडे पैसे ठेवावेत.

पास 'राजमार्गयात्रा' या सरकारी ॲपवर किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर निघतो. दुसऱ्या कोणी लिंक पाठवली, तर तिथे पैसे भरू नयेत. पास सुरू झाल्यावर पहिला नाका ओलांडला, की मोबाईल पाहावा. टोलाचे पैसे कापले गेले नसतील आणि एक फेरी कमी झाली असेल, तर पास चालू आहे.

अण्णांनी कागदाची घडी खिशात घातली. म्हणाले, "दवाखान्यात एकदा इचारतो, औंदा किती वेळा यावं लागंल. दहाच्या वर सांगितलं, तर पास. नाय तर हाय तेच बरं."

हिशेब त्यांना बरोबर कळला होता.