नळ बंद, तरी मीटर फिरतोय

घरातले सगळे नळ बंद आहेत, कुणी आंघोळीला गेलेलं नाही, तरी पाण्याच्या मीटरमधलं बारीक चाक फिरतंय. हे दिसलं की काही जण लगेच मीटर खराब आहे असं धरतात, तर काही जण फरशा फोडायला निघतात. दोन्हीची घाई करू नये. मीटरमधून निघालेलं पाणी आपल्या घरात कोणत्या वाटेने जातं, हे आधी पाहायला हवं.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत पाणी ठरावीक तासच येतं. ते मीटरमधून जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून नळाला येतं. म्हणजे घरात पाण्याच्या दोन वाटा असतात, एक मीटरपासून खालच्या टाकीपर्यंत आणि दुसरी टाकीपासून नळापर्यंत. मीटरला थेट दिसते ती फक्त पहिली. नळ बंद केले तरी खालची टाकी भरत असेल, तर मीटर फिरणारच. ती गळती नव्हे. उलट संडासातला फ्लश रात्रभर झिरपत असेल आणि त्या वेळी पालिकेचं पाणी नसेल, तर मीटर जागचा हलणार नाही. म्हणून दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

पुण्यातला एक दुमजली बंगला उदाहरणादाखल धरू. पाणी पहाटे पाच ते नऊ येतं. तपासणी पाणी येताक्षणी करायची नाही, कारण रिकाम्या पाइपात भरलेली हवा पाण्यापुढे ढकलली जाते आणि तीही मीटर फिरवते. हवेने फिरणारं चाक जोरात, धक्क्याधक्क्याने फिरतं आणि काही मिनिटांत शांत होतं. गळतीने फिरणारं चाक संथ असतं, पण थांबत नाही.

सहा वाजता खालच्या टाकीच्या तोंडाशी असलेला कॉक बंद करायचा. तिथे कॉक नसेल तर फ्लोटचा दांडा वर उचलून दोरीने बांधायचा आणि त्याच्या तोंडातून थेंबही पडत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहायचं. मीटर आणि टाकी यांच्यामध्ये बागेचा किंवा अंगणातला नळ जोडलेला असेल, तर तोही बंद हवा. आता मीटरमधून पाणी जायला वाटच उरलेली नाही.

मग मीटर वाचायचा. नेहमीच्या घरगुती मीटरवर काळे आकडे घनमीटरचे असतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, बिलावरचं एक युनिट. लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या त्याखालचा हिशेब दाखवतात. ज्या तबकडीजवळ 0.001 लिहिलेलं असतं तिच्यावरचं एक घर म्हणजे एक लिटर, आणि 0.0001 च्या तबकडीचा पूर्ण फेरा म्हणजे एक लिटर. चाक हलतं की नाही एवढंच पाहणं पुरेसं नाही, कारण लाइनमधल्या दाबाच्या चढउताराने ते थोडं पुढेमागे डोलतं. आकडे लिहून ठेवावेत आणि अर्ध्या तासाने पुन्हा वाचावेत. फारच बारीक झिरपण कधी कधी मीटर मोजतही नाही. त्यामुळे आकडा बदलला नाही तरी एकदा जास्त वेळ देऊन पाहावं.

आपल्या बंगल्यात सहा वाजता आकडा होता 1284.362 आणि साडेसहाला 1284.380. म्हणजे अर्ध्या तासात 18 लिटर गेले. चार तासांच्या पुरवठ्यात ते 144 लिटर होतात आणि महिन्याला सुमारे 4,300 लिटर. हे पाणी मीटर आणि टाकी यांच्यामधल्या पाइपातूनच जातंय, हे आता पक्कं झालं. कॉक बंद केल्यावर आकडा थांबला असता आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना कॉक उघडल्यावर पुन्हा सुरू झाला असता, तर दोष फ्लोटच्या वॉशरचा ठरला असता. तेव्हा ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी वाहताना दिसतं.

आता दुसरी वाट. रात्री पंप बंद ठेवून वरच्या टाकीत काठी उभी बुडवायची, ओल कुठवर आली तिथे खूण करायची आणि पहाटे पुन्हा पाहायचं. मधल्या वेळात कुणी पाणी वापरायचं नाही. हजार लिटरची गोल टाकी साधारण मीटरभर व्यासाची असेल, तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे जवळपास 8 लिटर. बंगल्यात रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत पाणी 6 सेंटिमीटर उतरलं. म्हणजे 48 लिटर, तासाला 8. हे दिवसरात्र चालतं, म्हणून महिन्याला साधारण 5,700 लिटर होतात.

अशा वेळी पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यावा. तिच्यात कपड्यांची नीळ टाकून वीस मिनिटं फ्लश न करता थांबावं. भांड्यात निळसर पाणी उतरलं तर आतला रबरी पडदा गेलेला आहे. सगळे फ्लश ठीक निघाले, तर वरच्या टाकीतून उतरणाऱ्या प्रत्येक पाइपाचा कॉक एकेक रात्र बंद ठेवावा. ज्या रात्री पातळी टिकेल, त्या पाइपावर गळती आहे. पंपाच्या पाइपातला एनआरव्ही खराब असेल, तर वरचं पाणी गुपचूप खालच्या टाकीत परत येतं. पाणी वाया जात नाही, पण पंप पुन्हा पुन्हा लावावा लागतो.

खालच्या टाकीचीही अशीच खूण करून परीक्षा घ्यावी. टाकी दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असेल, तर एक सेंटिमीटर म्हणजे 30 लिटर. ही परीक्षा पावसाळ्यात फसवते, कारण तडा गेलेल्या टाकीत बाहेरचं पाणी आत शिरतं आणि पातळी टिकल्यासारखी दिसते. खूण बाहेरूनच करावी, बंद टाकीत उतरू नये.

जमिनीखालची नेमकी जागा शोधायला जाणता प्लंबर पाणी चालू असताना लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर किंवा व्हॉल्ववर टेकवतो आणि दुसरं कानाशी धरतो. गळतीजवळ सूं असा अखंड आवाज वाढत जातो. खचलेले पेव्हर ब्लॉक आणि उन्हाळ्यातही सुकत नसलेली माती याही खुणा आहेत. पाइप जुना लोखंडी असेल, तर तो बहुधा एल्बोजवळ, आटे पाडलेल्या पातळ जागी गंजून फुटतो. एका ठिकाणी क्लॅम्प मारला तर पुढच्या आट्यांवर तेच होतं. मीटर ते टाकी हा तुकडा सहसा लहान असतो, तो पूर्ण बदलणंच बरं. मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला ओल असेल तर पालिकेला कळवावं. मीटरचं सील आपण उघडू नये.

या बंगल्यातल्या दोन्ही गळत्या मिळून महिन्याला दहा हजार लिटर जातात, म्हणजे एक मोठा टँकर. बिलाच्या दृष्टीने फ्लश जास्त महाग आहे, पण दुरुस्तीत जमिनीखालच्या पाइपाचा मान पहिला. पाणी चालू असताना जे भोक पाणी बाहेर टाकतं, तेच पुरवठा बंद झाल्यावर आजूबाजूचं घाण पाणी आत घेऊ शकतं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर धोका आणखी मोठा. म्हणून आकडा सरकतोय हे दिसलं की पाइप बदलेपर्यंत पिण्याचं पाणी उकळून घ्या आणि पाइप बदलल्यावर खालची टाकी रिकामी करून धुवून घ्या.